कलबुर्गीला मिळालं, मग सोलापूरला का नाही?

ताई, नमस्कार. आमचा टॉवेल-चादरीचा छोटा कारखाना आहे. मुलगी यंदा नीटला बसली. माझा मावसभाऊ अफजलपूरला, कलबुर्गी जिल्ह्यात असतो. त्याच्या मुलीला आमच्या मुलीपेक्षा कमी गुण असून राज्यघटनेच्या ‘३७१-जे’ कलमाच्या स्थानिक दाखल्यावर सरकारी कॉलेजात एमबीबीएसला जागा मिळाली, आमची लटकली. एकाच देशात असा भेद कसा चालतो? आमच्या पेठेत ‘सोलापूरला विशेष दर्जा द्या’ म्हणून निवेदनावर सह्या घेतायत, माझ्याकडेही कागद आलाय. मामा म्हणतात, ३७० काढलं तसं ३७१ पण काढून टाकायला पाहिजे, सगळ्यांना एकच नियम. आणि मावसभाऊ म्हणतो, माझ्या पत्त्यावर दाखला काढू, पुढच्या वर्षी पोरीला इकडून बसव. सही करू का? आणि दाखल्याचं काय करू?
— एक वाचक, जोडभावी पेठ

दादा, आधी गुणांचा हिशोब मिटवू. तुमचा निम्मा राग तिथे अडकलाय आणि तो भलत्याच पत्त्यावर निघालाय.

सरकारी वैद्यकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. उरलेल्या ८५ टक्के जागा ज्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. त्यामुळे कर्नाटकाच्या त्या ८५ टक्क्यांत तुमची मुलगी स्पर्धेत नव्हतीच. ३७१-जे नसतं तरी नसती. तुमच्या पुतणीला मिळालेली जागा गेली असेल तर ती म्हैसूर, हुबळी नाहीतर मंगळूरच्या एखाद्या मुलीची. महाराष्ट्राचा कटऑफ आणि कर्नाटकाचा कटऑफ शेजारी ठेवून बघण्यात तसाही अर्थ नसतो, कारण तिथल्या जागा वेगळ्या आणि बसणारी पोरंही वेगळी. आणि एक गोष्ट थोडी बोचेल, पण सांगते. तुमच्या मुलीला कर्नाटकापासून अडवणारी खरी भिंत राज्याच्या रहिवासाची आहे, आणि तशीच भिंत आपण महाराष्ट्रातही बांधली आहे. तिच्याबद्दल कुणी निवेदन काढत नाही.

आणखी एक. २०२० पर्यंत आपल्या राज्यातच ‘सत्तर-तीस’ होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग, प्रत्येक भागातल्या वैद्यकीय कॉलेजांत ७० टक्के जागा त्याच भागातल्या मुलांना, ३० टक्के साऱ्या राज्याला खुल्या. आपण उर्वरित महाराष्ट्रात. पुण्या-मुंबईची कॉलेजं आपल्याच भागात पडत होती, त्यामुळे आपल्या पोरांना ते सोयीचं होतं. चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या नळदुर्गातल्या, तुळजापुरातल्या पोरांना नव्हतं. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून तिथूनच ओरड झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते रद्द केलं. त्या वेळी आपल्या पेठेतून कुणी ‘एकाच राज्यात भेद कसा’ असं विचारल्याचं मला आठवत नाही.

आता ३७१-जे म्हणजे काय, ते नीट बघू. तुमच्या पेठेतल्या कागदाचा मसुदा त्याच्यावरूनच बेतलेला दिसतोय.

२०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने हे कलम आलं आणि ऑक्टोबर २०१३ पासून लागू झालं. त्यात बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ आणि बळ्ळारी हे सहा जिल्हे होते. पुढे बळ्ळारीतून विजयनगर वेगळा झाला, म्हणून आता सात. कलमाने राष्ट्रपतींच्या आदेशातून कर्नाटकच्या राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकली: या भागासाठी वेगळं विकास मंडळ, विकासखर्चात न्याय्य वाटा, आणि जन्माने किंवा रहिवासाने त्या भागातल्या असणाऱ्यांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत राखीव प्रमाण. त्यावर निघालेल्या आदेशांनी आकडे ठरवले. त्या भागातल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांना, राज्यपातळीवरच्या संस्थांत ८ टक्के. नोकऱ्यांत त्या भागातल्या ‘अ’ आणि ‘ब’ गटाच्या पदांत ७५ टक्के, ‘क’ गटात ८०, ‘ड’ गटात ८५.

एवढ्यासाठी थेट राज्यघटना का बदलावी लागली? सरकारने एक जीआर काढला असता तर चाललं नसतं का? नसतं, आणि तुमच्या निवेदनाचं घोडं नेमकं इथेच अडतं. घटनेचं १६ वं कलम म्हणतं, सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा रहिवास यावरून भेद करायचा नाही. त्याच कलमात एक पळवाट आहे, रहिवासाची अट घालता येते, पण ती फक्त संसदेला. १९५७ मध्ये संसदेने तसा कायदा केला आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशात तेलंगणाच्या लोकांसाठी नोकऱ्या राखल्या. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद पाडली. न्यायालय म्हणालं, कलमात ‘राज्यातला रहिवास’ असं लिहिलंय, राज्याच्या एका तुकड्यातला रहिवास असं नाही. म्हणजे एखाद्या जिल्ह्या-प्रदेशापुरत्या नोकऱ्या राखायच्या तर संसदेचा साधा कायदासुद्धा पुरत नाही, घटनेत वेगळं कलमच लागतं. तेलंगणासाठी १९७३ मध्ये ३७१-डी आलं ते याच कारणाने, आणि कलबुर्गीकरांनी पुढे वर्षानुवर्षं घटनादुरुस्तीचाच हट्ट धरला तोही याच कारणाने. मल्लिकार्जुन खर्गे केंद्रात मंत्री असताना त्याला यश आलं.

तेव्हा ‘मुख्यमंत्र्यांनी सोलापूरला विशेष दर्जा जाहीर करावा’ असं त्या कागदावर लिहिलं असेल, तर मुख्यमंत्र्यांना ते जमणारच नाही. शिक्षणातल्या जागांचं थोडं वेगळं आहे. तिथे रहिवासाची अट न्यायालयांनी काही मर्यादेत चालू दिली आहे, म्हणून तर सत्तर-तीस इतकी वर्षं टिकलं. पण तिथेही हात आखडता होत चाललाय. जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीयच्या राज्यकोट्यातला रहिवासावरचा कोटा सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला.

बरं, कायदा बाजूला ठेवू. कलबुर्गीला द्यावं असं त्या वेळी लोकांना का वाटलं?

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेचा मुख्य मारा सोलापुरातून निघाला आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. आपल्या घरांत हा किस्सा सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्या दिवसापर्यंत नळदुर्गाच्या अलीकडे मुंबई प्रांत होता आणि पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. कलबुर्गी, बिदर, रायचूर सगळं पलीकडे. १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा हे जिल्हे म्हैसूर राज्याला जोडले गेले. म्हैसूरकडे १९१६ पासून स्वतःचं विद्यापीठ होतं, संस्थानाच्या काळातले कारखाने होते. कलबुर्गीला विद्यापीठ मिळालं १९८० मध्ये. नोकरीच्या रांगेत दोघांना एकाच जागी उभं केलं तर निकाल काय लागणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २००२ मध्ये नंजुंडप्पा समितीने कर्नाटकातल्या १७५ तालुक्यांची मोजदाद केली. त्यात ११४ मागास निघाले आणि अतिमागासांची सगळ्यांत मोठी गर्दी कलबुर्गी विभागात होती.

विशेष तरतुदीच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मला हाच वाटतो. संघराज्यात सगळे घटक एकाच वेळी, एकाच स्थितीत आणि एकाच अटीवर आत येत नाहीत. नागालँडने वेगळी अट घातली: १९६२ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३७१-एप्रमाणे नागांच्या चालीरीती, त्यांचा परंपरागत कायदा आणि जमिनीची मालकी यांबाबत संसदेचा कायदा तिथली विधानसभा मान्य करेपर्यंत लागू होत नाही. ती अट मान्य केली म्हणून तोडगा निघू शकला. कलबुर्गीची कहाणी निराळी, तिथे ओळख जपायची नव्हती, मागून आल्याची भरपाई हवी होती. दोन्ही तरतुदी ३७१ च्याच कुटुंबातल्या, पण एक स्वतःच्या रीतीने जगू द्या म्हणते आणि दुसरी तुमच्यासारखंच जगता यावं म्हणून हात द्या म्हणते. पेठेतल्या चर्चेत हे दोन्ही एकाच पिशवीत टाकतात आणि मग वाद कशावर चाललाय तेच कळत नाही. त्या पिशवीत तिसराही प्रकार असतो, ‘विशेष श्रेणी राज्य’. तो गाडगीळ सूत्रातून आला, १९६९ पासून डोंगराळ आणि सीमेवरच्या राज्यांना केंद्राकडून जास्त अनुदान देण्यासाठी. तो अख्ख्या राज्याला मिळतो आणि घटनेत त्याचं कलम नाही. सोलापूर जिल्ह्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आता विरोधातलं बोलू. त्यासाठी लांब जायला नको, भीमेच्या काठाने खाली जाऊ.

अफजलपूर तालुका ३७१-जे मध्ये आहे. त्याला लागून असलेला इंडी तालुका नाही, कारण इंडी विजापूर जिल्ह्यात, आणि विजापूर आपल्यासारखंच मुंबई प्रांतात होतं. नंजुंडप्पा समितीच्या मागास यादीत विजापूरचेही तालुके होते. तीच काळी माती, तीच ज्वारी, आणि पाऊस नाही पडला तर दोन्हीकडे नाही पडत. तरी अफजलपूरच्या मुलीला दाखला मिळतो, इंडीच्या मुलीला नाही. उलट बळ्ळारी बघा. ती मद्रास प्रांतातून आली. निजामाने १८०० सालीच तो मुलूख इंग्रजांना देऊन टाकला होता. तरी बळ्ळारी आत आहे. म्हणजे कसोटी निव्वळ निजामाच्या राजवटीची म्हणावी तर बळ्ळारी बसत नाही, निव्वळ मागासपणाची म्हणावी तर विजापूर बाहेर का याला उत्तर नाही. रेघ कुठेतरी ओढावीच लागते हे मान्य. पण ती राजकारणात ओढली जाते, आणि रेघेच्या बाहेर राहिलेला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी मागणी घेऊन उभा राहतो. तुमच्या पेठेतला कागद त्याच रांगेतला आहे. स्पेनमध्येही असंच झालं: बास्क प्रांतांना स्वतःचे कर स्वतः गोळा करण्याचा जुना हक्क मिळाला, आणि कॅटलोनिया आजवर आम्हाला का नाही म्हणून धुमसतोय.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो रेघेच्या आतला आहे. विशेष दर्जा ‘प्रदेशाला’ मिळतो, पण प्रदेशात वापरतो कोण? नागालँडमध्ये नगरपालिकांत बायकांना ३३ टक्के जागा द्यायच्या म्हटल्यावर आदिवासी संघटनांनी ३७१-ए पुढे केलं, आमच्या परंपरेत हे बसत नाही म्हणाले. २०१७ मध्ये त्यावरून जाळपोळ झाली, माणसं गेली. अखेर जून २०२४ मध्ये बायकांच्या राखीव जागांसह निवडणुका झाल्या. बाहेरच्यांपासून वाचण्यासाठी घेतलेलं कलम आतल्या बायकांना दूर ठेवायला वापरलं गेलं. कलबुर्गीत इतकं तीव्र काही नाही. पण तिथेही ७० टक्के ‘स्थानिक’ जागांसाठी कलबुर्गी शहरात शिकवणी लावलेली डॉक्टरची मुलगी आणि यादगीरच्या खेड्यातल्या शाळेत गणिताला मास्तर नसलेली मुलगी एकाच रांगेत उभ्या राहतात. जातीचं आरक्षण आत चालू असतंच, पण गाव-शहराचा फरक त्या दाखल्यावर कुठे दिसत नाही. आणि वरच्या जागा राखल्या म्हणून खालची शाळा आपोआप सुधारत नाही. कलम लागू होऊन दहा वर्षं उलटल्यावरही कर्नाटकच्या दहावीच्या निकालात २०२४ मध्ये शेवटचा जिल्हा यादगीर होता, २०२५ मध्ये कलबुर्गी.

तिसरं म्हणजे कलम असणं वेगळं आणि पाळलं जाणं वेगळं. तेलंगणात ३७१-डीखाली १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश निघाला, नोकऱ्यांची स्थानिक विभागणी झाली. दहा वर्षांनी, डिसेंबर १९८५ मध्ये, सरकारलाच ६१० क्रमांकाचा आदेश काढावा लागला: नियम मोडून तेलंगणात नेमलेल्या बाहेरच्यांना परत पाठवा. तोही नीट पाळला नाही, आणि वेगळ्या राज्याच्या आंदोलनात ‘सहाशे दहा’ ही घोषणाच होऊन बसली. म्हणून कुणी विशेष दर्जा मागायला आलं की मी आधी विचारते, तो मोडला तर दाद कुणाकडे मागायची आणि कुठल्या मुदतीत? बहुतेकांनी तेवढा विचार केलेला नसतो.

आता सोलापूर. तुमच्या निवेदनातलं एक वाक्य मला न वाचता सांगता येईल: ‘मराठवाड्याला, विदर्भाला, कलबुर्गीला मिळालं, आम्हालाच काही नाही.’ हे खरं नाही. सोलापूर ३७१ मध्येच आहे. ३७१ च्या दुसऱ्या पोटकलमात महाराष्ट्राचे तीन भाग सांगितलेत: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. राष्ट्रपतींच्या आदेशाने प्रत्येकासाठी विकास मंडळ, विकासखर्चाचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या आणि राज्य सरकारी नोकरीच्या पुरेशा संधी, आणि या सगळ्यावर राज्यपालांची विशेष जबाबदारी. तो आदेश १९९४ मध्ये निघाला आणि तीनही मंडळं आली. मुदत वाढत वाढत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा आणायचं ठरवलं.

मग या कलमाने आपलं पोट का भरलं नाही? सगळी मेख मोजमापात आहे. मी नोकरीची बरीच वर्षं नियोजनाच्या कागदांत घालवलीत, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

१९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जिल्हा सरासरीच्या खाली किती ते बघायचं, आणि तेवढी तूट भरून काढायला किती पैसे लागतील तो झाला ‘अनुशेष’. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी निघाला. त्यात विदर्भ ३९ टक्के, मराठवाडा साडेतेवीस, उर्वरित महाराष्ट्र ३७. म्हणजे आपल्या भागाचा वाटा मराठवाड्यापेक्षा जास्त होता! पुढच्या समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून अनुशेष १४,००६.७७ कोटी काढला. त्यात विदर्भ ४७ टक्क्यांवर गेला, मराठवाडा साडेअठ्ठावीसवर, आपण २४ वर आलो. कागदावर उर्वरित महाराष्ट्र सुधारला. खरंच सुधारला, पण कोणता?

या भागात मुंबई-ठाणे आहे, पुणे आहे, कोल्हापूर-सांगली आहे, आणि सिंधुदुर्ग, नंदुरबार, सोलापूरही आहेत. राज्यपालांच्या जबाबदारीचे घटनेतले शब्द या तीन भागांपाशीच थांबतात. त्याच्या आत पैसा पुण्याकडे गेला की अक्कलकोटकडे, हे सांगणारं घटनेत काही नाही.

आणि जिल्ह्यापर्यंत उतरलं तरी भागत नाही. आपले तालुके ११. समजून घेण्यासाठी आकडे कल्पनेतले धरू. राज्याची सिंचनाची सरासरी शंभर हेक्टरांत ३० आहे. माळशिरस-पंढरपूरकडे कालव्याच्या पट्ट्यात ती ६० भरते, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोटच्या कोरड्या गावांत १० भरते, बाकीचे मधले. साऱ्या जिल्ह्याची सरासरी आली ३२. राज्यापेक्षा दोनने जास्त! म्हणजे सिंचनात सोलापूरचा अनुशेष शून्य. साखर कारखान्यांची धुरांडी जितकी जास्त, तितका अक्कलकोटचा दुष्काळ कागदावरून पुसला जातो. २०२२ च्या अखेरीस सीमाप्रश्न तापला तेव्हा अक्कलकोटच्या सीमेवरच्या काही गावांनी कर्नाटकात जायची भाषा केली. त्यांची तक्रार रस्त्या-पाण्याची होती.

तेव्हा तुमच्या निवेदनाला माझी एक हरकत कायद्याची, एक मोजमापाची, आणि तिसरी इतिहासाची. सोलापूर कलबुर्गीसारखं मागून आलेलं नाही. रेल्वे इथे १८६० मध्येच पोहोचली, जुनी गिरणी १८७७ ची, दयानंद कॉलेज १९४० चं, वैद्यकीय कॉलेज १९६३ चं. आपल्याकडे होतं ते गेलं: गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग आकसले, शिकलेली पोरं पुण्याला गेली. ही घसरण आहे, आणि तिचं दुःख मला कमी वाटत नाही. पण पदं राखून ठेवणारं कलम घसरणीवर चालत नाही. जिल्ह्यातली ८० टक्के पदं सोलापूरकरांना राखली तरी बंद गिरणीतली पदं परत येणार नाहीत. शिवाय आपली पोरं पुण्यात-मुंबईत नोकऱ्या करतात. उद्या पुण्याने तेच कलम मागितलं तर आधी मार आपल्याच पोरांना बसेल, आणि मग ओरडायला आपल्याला तोंड राहणार नाही.

सही करू नका, असं माझं मत आहे. पण नुसतं नाही म्हणून मोकळे होऊ नका, कागद बदलून घ्या. मागणी अशी हवी की विकास मंडळं परत येतील तेव्हा अनुशेष तालुकावार मोजावा, आणि दरवर्षी विधानसभेपुढे जो अहवाल ठेवायचा तो तालुकावार असावा. अहवाल ठेवण्याची तरतूद कलमात आधीच आहे, तिथे काही नवीन मागायचं नाही. राष्ट्रपतींचा नवा आदेश निघेल तेव्हा त्यात हा शब्द घालायला घटनादुरुस्ती लागणार नाही, आणि म्हणूनच ही मागणी पदरात पडू शकते. जोडीला माहिती अधिकारात दोन गोष्टी मागवा: जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यातली मंजूर आणि रिक्त शिक्षक-डॉक्टर पदं, आणि जिल्हा नियोजन समितीचा गेल्या काही वर्षांतला तालुकावार मंजूर आणि प्रत्यक्ष खर्च. मंजूर आणि खर्च यांत मोठी फट दिसली तर आपलं दुखणं वाट्याचं नाही, खर्च न होण्याचं आहे हे कळेल. मग भांडण मुंबईशी कमी आणि इथल्या कचेऱ्यांशी जास्त. रिक्त पदं अक्कलकोट-मंगळवेढ्यात जास्त आणि शहराजवळ कमी दिसली, तर ती भरायची मागणी आजच करता येते, कुठल्याही दर्जाची वाट बघायला नको.

मामांना सांगा, ३७० आणि ३७१ शेजारी राहतात म्हणून भाऊ नव्हेत. ३७० च्या मथळ्यातच ‘तात्पुरती तरतूद’ असं होतं, आणि ती काढणं डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं. त्या सुनावणीतच केंद्र सरकारने सांगितलं की ईशान्येकडच्या राज्यांच्या विशेष तरतुदींना हात लावायचा विचार नाही. खुद्द न्यायालयानेही काही घटकांना वेगळी वागणूक देणारं संघराज्य म्हणजे सार्वभौमत्वाची वाटणी नव्हे, असंच म्हटलंय. ‘सगळ्यांना एकच नियम’ हे ऐकायला छान वाटतं, पण मामांच्या न्यायाने महाराष्ट्राचं ३७१ सुद्धा जाईल, आणि त्यात आपणही आहोत. तरी त्यांच्या म्हणण्यातला एक धागा मी सोडणार नाही: भरपाईच्या तरतुदीला मुदत आणि फेरतपासणी हवी. ३७१-जे मध्ये तशी मुदतच नाही. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा तालुके मोजून कोण आत, कोण बाहेर हे ठरवायला काय हरकत आहे? इंडीच्या मुलीलाही उत्तर मिळेल.

राहिला दाखला. मावसभाऊ मायेने म्हणतोय, पण नको. कलम जन्म किंवा रहिवास मागतं, आणि तुमच्या मुलीचा जन्म इथला, दहावी-बारावी इथली. तिची प्रत्येक गुणपत्रिका सोलापूर सांगणार आणि दाखला अफजलपूर सांगणार. दोन राज्यांत रहिवासी म्हणून अर्ज केलेले कागदपत्र-तपासणीत सापडतात. प्रवेश रद्द होतो, गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि पोरगी दुसऱ्या वर्षाला असतानाही होऊ शकतो. त्यापेक्षा सीईटी सेलच्या उरलेल्या फेऱ्या नीट वापरा. सत्तर-तीस गेल्यामुळे नांदेड, अंबाजोगाई, लातूर, यवतमाळ, अकोला इथल्या सरकारी कॉलेजांत राज्यकोट्याच्या सगळ्या जागांवर तिचा आता सारखाच हक्क आहे. पसंतीक्रमात पुणे-मुंबई-सोलापूर एवढंच भरून थांबला असाल, तर पुढच्या फेरीत यादी खालपर्यंत भरा. फेरी सुरू असताना मिळालेली जागा सोडण्याचे नियम दर फेरीला बदलतात, तेवढे माहितीपुस्तिकेत आधी वाचून घ्या.